तीनशे पानांचं एक पान

गेला पंधरवडा बातम्या कमी आणि भाचीचा अर्ज जास्त, असं चाललं होतं. काही जणांनी विचारलं, पोस्ट का नाही? म्हणून हे लिहितोय. विषय नोकरीच्या अर्जाचा आहे, पण आपल्या घोड नदीचाही आहे. थोडं लांब झालंय, सवडीने वाचा.

भाची दौंडची. ताई आणि दाजी तिथंच असतात, दाजी रेल्वेतून निवृत्त झाले. पोरगी पुरातत्त्वात पीएच.डी. झाली. तिचा विषय म्हणजे जुन्या वस्त्यांच्या मातीत सापडणारं जळकं धान्य. जव, गहू, कुळीथ यांचे कोळसा झालेले दाणे. दाणा कुजतो, पण अर्धवट जळून काळा झाला की तीन-तीन हजार वर्षं टिकतो. सध्या ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. म्हणजे काय, ते इथल्या निम्म्या घरांना सांगायला नको. वय चौतीस. परराज्यातल्या एका केंद्रीय संस्थेत सहायक प्राध्यापकाची जागा निघाली आणि अर्जासोबत जी कागदपत्रं मागितली होती त्यात एक होतं : रिसर्च स्टेटमेंट, जास्तीत जास्त एक पान.

आपल्याकडच्या विद्यापीठांच्या भरतीत ही भानगड फारशी दिसत नाही. मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवायला यूजीसीने २०१८ च्या नियमावलीत गुणांचा तक्ता दिला. त्यात पीएच.डी.चे गुण, नेट-सेटचे गुण, शोधनिबंधाला प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. हिचे छापून आलेले निबंध तीन, म्हणजे सहा गुण, विषय संपला. त्या निबंधांत काय आहे आणि पुढची पाच वर्षं ही बाई काय करणार, हे तक्ता विचारत नाही. या पानात नेमकं तेवढंच विचारलेलं होतं. आणि तिला तेवढंच लिहिता येईना.

पहिला मसुदा तिने मला पाठवला. "मामा, तू रोज आठशे शब्दांचे तीनशे करतोस, बघ ना." उघडला आणि डोळे बारीक केले. अक्षर नऊ पॉइंटचं, समास अर्ध्या इंचाचे, एका पानावर अकराशे शब्द कोंबलेले. सुरुवात अशी : माझ्या पीएच.डी. प्रबंधाचे शीर्षक अमुक असून तो मी तमुक साली सादर केला. मग प्रकरण पहिलं ते सातवं, प्रत्येकी दोन ओळी. मग निबंधांची नावं. मग वापरलेल्या पद्धतींची यादी. आणि अगदी खाली, जागा संपत आलेली असताना : भविष्यात महाराष्ट्रातील विविध स्थळांवर या स्वरूपाचे संशोधन करण्याचा मानस आहे.

आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथं लिहीत नाही. ग्रामसभेची बातमी "अध्यक्षस्थानी सरपंच होते"ने सुरू होते आणि शेवटच्या ओळीत कळतं की टँकर बंद झालाय, तसलं ते झालं होतं.

पण नुसतं "बातमी वर घे" सांगून भागणार नव्हतं, कारण बातमी कुठली तेच मला कळत नव्हतं. तिच्या गाईड मॅडमना फोन लावला. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती फार उपयोगी पडली. अर्जांची पहिली चाळण करणाऱ्या समितीत हिच्या विषयातला फार तर एक माणूस असतो. बाकीचे कुणी भूशास्त्राचे, कुणी रसायनाचे, कुणी इतिहासाचे. समोर अर्जांचा गठ्ठा. एका पानाला दोन-तीन मिनिटं मिळाली तरी नशीब. त्या एका जाणकाराला पान खरं वाटलं पाहिजे आणि बाकीच्यांना ते कळलं पाहिजे. प्रबंधाचा सारांश यातलं काहीच करत नाही. सारांश सांगतो काय झालं. समितीला बघायचं असतं की या माणसाला जागा, पैसा आणि पाच वर्षं दिली तर काय होईल. प्रबंध आणि निबंध हे त्या पुढच्या कामाचे पुरावे म्हणून यायचे.

रविवारी दौंडला गेलो. ताईने बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली, त्यावर प्रबंध आणि चार निबंध मांडले. मी चार कोऱ्या चिठ्ठ्या फाडल्या आणि म्हटलं, एका निबंधाला एक चिठ्ठी. त्यावर तीनच गोष्टी लिहायच्या. हे काम करण्याआधी काय माहीत नव्हतं? तू स्वतः काय केलंस? आणि आता असं काय म्हणता येतं जे आधी म्हणता येत नव्हतं? निबंधाचं नाव लिहायचं नाही, पद्धतीचं नाव लिहायचं नाही.

तासभर गेला. हा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून चारही चिठ्ठ्या सांगतो.

पहिला निबंध खळ्याचा. हिने भीमा आणि घोडच्या पट्ट्यातल्या काही गावांत म्हाताऱ्या माणसांकडून हाताने मळणी, उपणणी, चाळणी करून घेतली. आता सगळीकडे मळणी यंत्र, त्यामुळे माणसं शोधण्यातच एक हंगाम गेला. कुठल्या पायरीला कुठलं तणाचं बी धान्याबरोबर राहतं आणि कुठलं भुसात जातं, हे तिने मोजून ठेवलं. हलकं बी वाऱ्याबरोबर उडतं, बारीक बी चाळणीतून खाली पडतं, दाण्याएवढं जड बी शेवटपर्यंत धान्यात राहतं आणि बायका ते सुपात निवडतात. म्हणजे जुन्या चुलीतल्या राखेत कुठलं बी आहे यावरून ते धान्य कुठल्या पायरीवर जळलं हे ओळखता येतं.

दुसरा गोवऱ्यांचा. जनावराने खाल्लेलं बी शेणात जातं, शेणाची गोवरी होते, गोवरी चुलीत जाते. मग चुलीत सापडलेलं प्रत्येक बी माणसाने खाल्लं असं कसं धरणार? हिने गोवऱ्या जाळून त्यातून काय काय शाबूत उरतं ते पाहिलं.

तिसरा वाफ्यांचा. जव आणि खपली गहू तीन प्रकारच्या वाफ्यांत लावला. एक भरपूर पाण्याचा, एक बेताचा, एक कोरडवाहू. दाणे मुद्दाम जाळून कोळसा केले आणि त्यातल्या कार्बनची तपासणी करून घेतली. इथं थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हवेतल्या कार्बनमध्ये एक हलका प्रकार असतो आणि अगदी थोडा जड प्रकार, त्याला कार्बन-१३ म्हणतात. झाडाला पाणी भरपूर असलं की पानांची बारीक छिद्रं उघडी राहतात आणि झाड निवडून निवडून हलका कार्बन घेतं. पाणी तुटलं की छिद्रं मिटतात, आत अडकलेल्या हवेत जे आहे ते घ्यावं लागतं, त्यात जड कार्बनही जास्त जातो. ही खूण दाण्यात उतरते आणि दाणा जळला तरी बऱ्यापैकी टिकते. सोप्या भाषेत, दाणा भरताना पिकाला किती तहान लागली होती हे दाण्यात लिहून राहतं.

चौथा निबंध प्रत्यक्ष जुन्या दाण्यांचा. जोर्वे काळातल्या एका वस्तीतल्या दोन थरांतले दाणे तपासले. दाणे थोडे, लेखक पाच, हिचं नाव दुसरं. निष्कर्षही जपून काढलेला : दोन थरांत फरक दिसतो, पण एवढ्याशा दाण्यांवर ठाम बोलता येत नाही.

चिठ्ठ्या ओळीने लावल्या आणि विचारलं, "या चौघांना बांधणारा धागा काय?"

ती म्हणाली, "ताम्रपाषाणकालीन शेती."

मी म्हटलं, "हा विषय झाला. विषय म्हणजे कपाटावरची पट्टी. प्रश्न काय आहे?"

बराच वेळ गप्प. मग मी आपला शिरूरकराला सुचेल तो प्रश्न टाकला. "मला सांग, इनामगाव उठलं का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इनामगाव आपल्याच तालुक्यात, घोडच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम तिथं खणकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यामागची मोठी नावं. १९८८ मध्ये अहवाल आला. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथं लोक राहत होते, मुख्य पीक जव. आपण त्या रस्त्याने शंभर वेळा जातो आणि फक्त ऊस बघतो. तर इनामगावच्या शेवटच्या काळात, इ. स. पू. १००० च्या पुढे, चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या दिसू लागतात आणि मग वस्ती संपते. ढवळीकरांनी याचं कारण पावसात शोधलं : हवामान कोरडं झालं, शेती ढासळली, लोक पांगले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधक बाईंनी तिथल्या लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०११ मध्ये आलं, आणि हवामानाचं गणित इतक्या सरळ रेषेत मांडता येतं का, यावर वाद सुरू झाला.

हे सगळं तिला पाठच होतं. ती बोलायला लागली आणि बोलता बोलता म्हणाली, "पण मामा, पाऊस कमी झाला ही एक गोष्ट आणि शेतात पाणी कमी झालं ही दुसरी. इनामगावला बांध सापडलाय, चारी सापडलीय. पाऊस आटला पण चारीचं पाणी मिळत असेल तर दाण्याला तहान कळणारच नाही. तळ्याच्या गाळावरून पाऊस कळतो. शेतात पाणी होतं का, ते फक्त दाणा सांगतो."

मी म्हटलं, "थांब. हे जे आत्ता बोललीस ते लिही."

कारण हे मला लगेच कळलं. माझी पंचवीस वर्षं याच बातमीत गेलीत. एकच पाऊस, एकच दुष्काळ, पण कालव्याच्या खालच्या गावात ऊस उभा आणि वरच्या गावात टँकरची वाट बघत हंडे. पाऊस किती पडला हे तहसीलमध्ये कळतं, पाणी कुणाला मिळालं हे शेतात गेल्याशिवाय कळत नाही. पोरगी तेच तीन हजार वर्षं मागे जाऊन विचारत होती आणि पानावर लिहीत होती "प्रकरण चौथे : प्रायोगिक अभ्यास".

मग पहिला परिच्छेद असा झाला. पान इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो : "दख्खनमधल्या पहिल्या शेतकरी वस्त्या इसवी सनापूर्वी १००० नंतर का ओसरल्या, याचं उत्तर बहुतेक वेळा कमी झालेल्या पावसात शोधलं जातं. पण पाऊस आणि शेतात पोहोचलेलं पाणी यांत माणसाची व्यवस्था असते. जळक्या धान्यावरून शेतातलं पाणी स्वतंत्रपणे कसं ओळखता येईल, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न आहे." तीन वाक्यं. यात प्रबंधाचं नाव नाही, साल नाही, पद्धत नाही.

एकदा प्रश्न सापडल्यावर चार निबंधांची जागा आपोआप ठरली. तिने ते लिहून झाले त्या क्रमाने मांडले होते. आता गरजेच्या क्रमाने आले. शेतातलं पाणी ओळखायचं तर आधी हे धान्य त्या शेतातलंच आणि माणसासाठी साठवलेलं आहे याची खात्री हवी. त्यासाठी खळं आणि गोवऱ्या. मग दाण्यातली खूण पाण्याची आहे हे सिद्ध करायला वाफे. मग जुने दाणे, पहिली चाचणी. प्रत्येकाला एक किंवा दोन वाक्यं. साताच्या सात प्रकरणांचा उल्लेख गेला. प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण, मातीच्या भांड्यांवरच्या दाण्यांच्या ठशांचं, पूर्ण गळालं. त्या प्रकरणावर तिने दीड वर्ष घातलं होतं. तिला रडू यायचं बाकी होतं. मी काही बोललो नाही. बातमी कापताना वार्ताहराच्या तोंडाकडे बघू नये, हे मला उपसंपादक असताना शिकवलेलं. पण स्वतःच्या भाचीच्या तोंडाकडे न बघणं अवघड असतं.

चौथ्या निबंधावर वाद झाला. तिने लिहिलं होतं "आम्ही दाखवून दिले". मी विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?" पाच लेखकांत दाणे ओळखणं आणि निवडणं हिचं काम, कार्बनची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेने केलेली. समितीतला जाणकार नेमकं हेच शोधतो, की यात तुझं काय. म्हणून वाक्य झालं : दाण्यांची ओळख आणि निवड मी केली, मोजमाप सहलेखकांनी केलं. आणि "दाखवून दिले"च्या जागी "फरक दिसतो, मात्र दाण्यांची संख्या कमी असल्याने तो तपासावा लागेल". तिला वाटलं, यात आपण कमी दिसू. मला वाटलं, पुढच्या पाच वर्षांच्या कामाचं कारण नेमकं हेच तर आहे. निष्कर्ष पक्का असता तर संस्थेने हिला कशासाठी घ्यायचं?

अजून एक बारीक गोष्ट. दुसरा निबंध मासिकाकडे तपासणीला गेलेला होता, स्वीकारल्याचं पत्र नव्हतं. तिने "प्रकाशनाच्या मार्गावर" लिहिलेलं. ते काढून "मासिकाच्या विचाराधीन" केलं. एवढ्यासाठी कुणी अर्ज फेकत नाही म्हणा, पण मुलाखतीत मासिकाचा अंक विचारला तर तोंड कुठं लपवणार?

आता पानाचा खालचा अर्धा भाग. "मानस आहे" उडवलं. मी विचारलं, "पहिल्या दिवशी खोलीची किल्ली हातात मिळाली तर काय करशील?" हळूहळू उत्तरं आली. पहिली दोन वर्षं, आधीच झालेल्या खणकामांत जमा होऊन पेट्यांत पडलेले दाणे. नवीन खणायची गरज नाही. पण अडचण दोन ठिकाणी. एक, ते दाणे ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांची परवानगी लागते, कारण तपासणीत दाणा नष्ट होतो. दुसरी, माती पाण्यात कालवून तरंगणारं काळं बी गाळून घ्यायची पद्धत जुन्या खणकामांत सगळीकडे नव्हती. जिथं दाणे हाताने वेचले तिथं मोठे दाणे हाती आले आणि बारीक तणाचं बी मातीत गेलं. म्हणजे खळ्याची कसोटी तिथं लावताच येणार नाही. मग पेट्या निवडताना आधी हे बघावं लागेल. हे दोन्ही मुद्दे पानात आले, एकेका वाक्यात. आणि परवानगी लांबली तर वाफ्यांचं काम सुरू राहील, हेही आलं.

पुढची तीन वर्षं ज्वारी-बाजरीची. इथं तिची कार्बनची युक्ती नीट चालत नाही. ज्वारी, बाजरी, मका ही पिकं कार्बन वेगळ्या वाटेने घेतात, त्यांच्या दाण्यात पाण्याची खूण फार पुसट उमटते. जव-गव्हाला जी पद्धत चालते ती आपल्या भाकरीला चालत नाही. हे पानात लिहायचं की नाही? ती म्हणाली, आपणच आपली कमजोरी कशाला दाखवायची. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, समितीत माझ्यासारखी कुणी असेल तर पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि पानात नसेल तर समजेल की मुलीला हे माहीतच नाही. तेव्हा लिहिलं : ज्वारी-बाजरीसाठी ही खूण अपुरी आहे, म्हणून तिथं शेतातल्या तणांच्या जातींवरून ओलावा ओळखण्याची पद्धत मी आजच्या कोरडवाहू आणि ओलिताच्या शेतांत तयार करणार आहे. तणांचं मला एकदम पटलं. कुठल्याही शेतकऱ्याला बांधावर उभं करा, तण बघून तो सांगेल या रानाला पाणी आहे का.

साधनांची मागणीही एका ओळीत. पहिल्या मसुद्यात तिने "अत्याधुनिक प्रयोगशाळा" असं लिहिलेलं. कार्बन मोजायचं यंत्र फार महाग, आणि ते घ्यायची गरजही नाही. नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. खरं लागतं ते म्हणजे सूक्ष्मदर्शक, दाणे जाळायची छोटी भट्टी, माती गाळायची टाकी आणि वाफ्यांसाठी अर्धा एकर रान. पैशासाठी ती कुठं अर्ज करणार तेही लिहिलं, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची नव्याने प्राध्यापक झालेल्यांसाठीची योजना. हे फाउंडेशन २०२३ च्या कायद्याने आलं.

शेवटी संस्थेबद्दल. आधी तिथं एक परिच्छेद स्तुतीचा होता, "आपल्या नामवंत संस्थेत" वगैरे. तो गेला. त्याऐवजी तिने त्या संस्थेच्या लोकांची कामं वाचून काढली. तिथं भूशास्त्रात तळ्यांच्या गाळावरून जुना पाऊस ओळखणारा गट आहे. मग ओळ झाली : तो गट जुना पाऊस शोधतो, मी शेतातलं पाणी शोधते, दोन्ही शेजारी ठेवले की मधली माणसाची व्यवस्था दिसेल. मला वाटतं, पानातली सगळ्यात कामाची ओळ हीच. ही ओळ दुसऱ्या संस्थेच्या अर्जात चालणार नाही. तिथं दुसरी लिहावी लागेल.

सोमवारी पान साडेपाचशे शब्दांवर आलं. अकरा पॉइंट, चारी बाजूंना एक इंच. मग मी आमच्या डेस्कवरची जुनी चाचणी घेतली. माणसाला पान द्यायचं, दोन मिनिटांनी उलटं ठेवायला सांगायचं आणि विचारायचं : ही काय करणार आहे? मॅडमनी बरोबर सांगितलं, पण त्या मोजायच्याच नाहीत. तिच्या कॉलेजातले रसायनाचे सर म्हणाले, "खळ्यांचा अभ्यास करणार ना?" झालं! म्हणजे प्रश्नाच्या लगेच खाली खळ्याचं लांब वाक्य आलं होतं आणि त्यांच्या डोक्यात तेच राहिलं. ते वाक्य तोडलं, त्याच्या आधी घातलं : "यासाठी आधी दोन खात्र्या करून घ्याव्या लागतात." पुन्हा दिलं. आता म्हणाले, "जुन्या धान्यावरून पाणी ओळखणार." चाललं.

तिसरे दाजी. त्यांना इंग्रजी पान मी मराठीत वाचून दाखवलं. सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अर्धा एकर रान लागतं म्हणतेस, पण तिथं तुला रान कोण देणार? पाणी कुठनं आणणार?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मॅडमनी नाही, रसायनवाल्या सरांनी नाही, मीही हे विचारलं नव्हतं. पाणी मोजण्याच्या प्रयोगात वाफ्याच्या पाण्याची सोयच लिहिलेली नव्हती. रात्री तिने त्या संस्थेत शिकलेल्या एका मैत्रिणीला फोन केला. आवारात मोकळी जागा आहे आणि बोअरही आहे, पण उन्हाळ्यात त्याचा भरवसा नाही, असं कळलं. जव आणि गहू रब्बीचे, फेब्रुवारी-मार्चपर्यंत निघतात, म्हणजे जमेल. मंगळवारी दुपारी एक ओळ आत गेली : वाफे संस्थेच्या आवारात, ते शक्य नसल्यास भाड्याच्या शेतात, फक्त रब्बी हंगामात. पान भरलेलं होतं, एक ओळ घालायची तर एक काढायला हवी. माझी एक ओळ गेली. चांगली होती, घोड नदीवरची.

संध्याकाळी सहाला अर्ज गेला. बुधवारी सकाळी ती नेहमीसारखी पुण्याच्या गाडीने तासाला गेली. उत्तर आलेलं नाही.